दिवेलागणीची वेळ घड्याळात बसत नाही

पुण्यात अंगणातला दिवा रोज संध्याकाळी साडेसहाला लागेल असा टायमर लावला, तर वर्षातले काही आठवडे तो अगदी शहाण्यासारखा वागतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र सूर्य ५:५६ लाच मावळतो आणि दिवा लागतो तो त्यानंतर चौतीस मिनिटांनी, अंगणात ठेच लागण्याइतका काळोख झाल्यावर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उलट. सूर्यास्त ७:१५ ला, आणि दिवा पाऊण तास आधीपासून उजेडात जळत बसलेला. नागपुरात हाच साडेसहाचा टायमर आणखी फसतो, कारण तिथे नोव्हेंबरअखेर सूर्य साडेपाचलाच मावळतो. राज्य एक, घड्याळ एक, पण मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सव्वासहा अंशांचं अंतर आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर नुसत्या रेखांशाचाच फरक पंचवीस मिनिटांचा होतो.

म्हणून दिवा वेळेवर नाही, सूर्यास्तावर लावायचा. आजकाल फोनमध्ये किंवा स्मार्ट प्लगच्या ॲपमध्ये ते दोन मिनिटांत होतं. पण ते कशावर चालतं हे ठाऊक नसेल, तर ते बिघडल्यावर नेमकं काय बिघडलं हे कळत नाही. आणि ते बिघडतं मोठ्या गमतीदार तऱ्हांनी.

बहुतेकांच्या मनात एक ठोकताळा असतो: २१ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस, म्हणजे त्या दिवशी सूर्य सर्वांत लवकर मावळत असणार. तसं होत नाही. पुण्यात २१ डिसेंबरचा सूर्यास्त ६:०३ ला असतो, म्हणजे २२ नोव्हेंबरच्या तुलनेत सात मिनिटं उशिरा. याचं कारण असं की सूर्यास्ताची वेळ दोन गोष्टींच्या बेरजेतून येते. पहिली, त्या दिवशी सूर्य नेमका माथ्याच्या रेषेवर, म्हणजे खऱ्या मध्यान्ही, किती वाजता येतो. दुसरी, तिथून मावळेपर्यंत किती वेळ लागतो. दुसरी गोष्ट आपल्याला माहीत असते, हिवाळ्यात ती आखूड आणि उन्हाळ्यात लांब. पण पहिलीही स्थिर नसते. पुण्याची खरी मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ ला असते आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:४९ पर्यंत सरकते, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. २२ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या महिन्यात दुपार पाच मिनिटांनी आखडते खरी, पण मध्यान्हच बारा मिनिटं पुढे गेलेली असते. बेरीज केली की सूर्यास्त सात मिनिटं पुढे.

सरकण्याचा वेगही वर्षभर सारखा नसतो. २१ जून ते ५ जुलै या पंधरवड्यात पुण्याचा सूर्यास्त जेमतेम मिनिट-दीड मिनिट हलतो. १ सप्टेंबरला तो ६:४९ ला असतो आणि १५ ऑक्टोबरला ६:१२ च्या आसपास, म्हणजे रोज जवळजवळ पन्नास सेकंद लवकर. जे लोक दर महिन्याला हाताने टायमर बदलतात त्यांची गाडी नेमकी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घसरते. गणपतीत बरोबर जमवलेला दिवा नवरात्रापर्यंत चुकीचा झालेला असतो.

आता फोनकडे येऊ. फोन सूर्याकडे बघत नाही. त्याच्या कॅमेऱ्याचा किंवा पडद्याचा उजेड ठरवणाऱ्या सेन्सरचा याच्याशी काही संबंध नाही. सूर्यास्त हा पूर्णपणे गणिताचा निकाल असतो आणि त्या गणिताला तीनच गोष्टी लागतात: तारीख, अक्षांश आणि रेखांश. सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजाला टेकून दिसेनाशी होते तो सूर्यास्त, अशी सगळीकडे चालणारी व्याख्या आहे. त्या क्षणी बिंबाचा मध्य गणिताने क्षितिजाच्या ०.८३३ अंश खाली असतो. यातला एक भाग बिंबाच्या निम्म्या व्यासाचा आणि बाकीचा हवेने प्रकाश वाकवल्याचा. तुमच्या ॲपमधली वेळ आणि एखाद्या पंचांगातली वेळ यांत मिनिटभराचा फरक दिसला, तर पंचांगकर्त्याने बिंबाची कड न धरता मध्य धरला असेल एवढंच. त्यासाठी कुणाशी भांडायला नको.

पण आपल्याला सूर्यास्त हवा असतो का? दिवा लावणाऱ्याला खरं तर अंधार हवा असतो. निरभ्र आकाशात सूर्य मावळतो त्या क्षणी उघड्यावर अजून ४०० लक्सच्या आसपास उजेड असतो, म्हणजे बऱ्याच दिवाणखान्यांतल्या रात्रीच्या उजेडापेक्षा जास्त. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की तो तीन-चार लक्सवर येतो. या मधल्या काळाला नागरी संधिप्रकाश म्हणतात आणि पुण्यात तो वर्षभर २२ ते २४ मिनिटांचा असतो. दिवेलागण याच्या साधारण मध्यात कुठेतरी पडते, सूर्य ४ अंश खाली असताना. पुण्यात ती वेळ सूर्यास्तानंतर तेरा ते पंधरा मिनिटांनी येते.

हा आकडा वर्षभर इतका कमी हलतो ही आपल्याकडची सोय आहे. आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत, सूर्य क्षितिजात बऱ्यापैकी सरळ उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश झटपट आटोपतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात ‘सूर्यास्तानंतर दहा मिनिटं’ एवढं सांगितलं की काम भागतं. लंडनला राहणाऱ्या मुलीच्या घरी मात्र हाच नियम जसाच्या तसा नेला तर फसेल. जूनमध्ये तिथे सूर्य तिरका उतरतो आणि नागरी संधिप्रकाश पाऊण तासाहून जास्त टिकतो. सूर्य ४ अंश खाली जायला सूर्यास्तानंतर २५ मिनिटांहून अधिक वेळ लागतो, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ दुप्पट. तिथे मिनिटांऐवजी कोनावर ट्रिगर लावणं शहाणपणाचं. घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारी होम असिस्टंट ही प्रणाली वापरणाऱ्यांना ते सरळ लिहिता येतं:

```yaml
triggers:
  - trigger: numeric_state
    entity_id: sun.sun
    attribute: elevation
    below: -4
```

कोन वरून खाली जाताना -४ ओलांडतो तो फक्त संध्याकाळीच, त्यामुळे ‘सकाळी चुकून लागेल का’ ही शंका ठेवायचं कारण नाही. हा कोन सतत नव्हे, दर काही मिनिटांनी ताजा होतो, म्हणून दिवा काही मिनिटं उशिरा लागू शकतो. इकडे घर असणाऱ्यांनी कोनाच्या भानगडीत न पडता मिनिटंच वापरावीत असं माझं मत आहे. सहा महिन्यांनी घरातल्या दुसऱ्या कुणाला ‘१० मिनिटं’ हे वाचून कळेल, ‘-४’ वाचून कळणार नाही.

साध्या ॲपमध्ये ही सोय कुठे लपलेली असते ते पाहू. आयफोनवर Shortcuts उघडून Automation मध्ये नवीन ऑटोमेशन घ्यायचं, Time of Day निवडायचं आणि तिथे घड्याळाच्या वेळेऐवजी Sunset घ्यायचं. आधी-नंतरचे टप्पे ठरलेले आहेत, पंधरा मिनिटं, अर्धा तास, एक तास असे. दहा मिनिटं मिळत नाहीत, पंधरावर समाधान मानायचं. खाली Run Immediately निवडायला विसरलं तर फोन रोज संध्याकाळी परवानगी विचारत बसतो आणि दिवा तुमच्या बोटाची वाट पाहतो. गुगल होम आणि ॲलेक्सा यांच्या रुटीनमध्येही वेळ निवडतानाच Sunset चा पर्याय येतो. स्वस्त स्मार्ट प्लग आणि बल्ब ज्या Smart Life ॲपवर चालतात तिथे मात्र लोक Schedule मध्ये शोधत राहतात आणि सूर्यास्त सापडत नाही म्हणून सोडून देतात. तो ठेवलाय When weather changes या खाली. सूर्य मावळणं हा हवामानातला बदल आहे हे कुणाला सुचलं असेल कोण जाणे, पण तिथे शहर निवडलं की किती मिनिटं आधी किंवा नंतर तेही विचारतो.

इथे एक प्रश्न आधीच विचारून ठेवावा: हा सूर्यास्त कुठला? फोनमध्येच चालणारं ऑटोमेशन फोन जिथे असेल तिथला सूर्यास्त धरतं. फोनचा पडदा संध्याकाळनंतर पिवळसर करायचा असेल तर तेच हवं असतं. पण पुण्याच्या अंगणातला दिवा तुमच्या फोनवर टांगलेला असेल आणि तुम्ही लग्नाला नागपूरला गेलात, तर दिवा नागपूरच्या सूर्याप्रमाणे लागेल, म्हणजे पंधरा ते पंचवीस मिनिटं लवकर. फोन विमानात बंद असेल तर लागणारच नाही. घराचा दिवा घरात राहणाऱ्या यंत्राकडे द्यावा: हबकडे, स्पीकरकडे, किंवा त्या स्विचमधल्या चिपकडेच. त्या यंत्राला घराचा पत्ता एकदाच दिलेला असतो. त्यातही घर बदलल्यावर सामान हलतं आणि ॲपमधला पत्ता जुनाच राहतो. कोथरूडहून हडपसरला गेलात तर काही बिघडत नाही, सूर्यास्तात अर्ध्या मिनिटाचासुद्धा फरक पडत नाही. मुंबईहून बंगळुरूला गेलात तर पडतो.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. ॲपला घराची जागा किती नेमकी द्यायची? एक अंश रेखांश म्हणजे चार मिनिटं, तेव्हा पाव अंश म्हणजे एक मिनिट, आणि पुण्याच्या अक्षांशावर पाव अंश म्हणजे पूर्व-पश्चिम सव्वीस किलोमीटर. दशांशानंतर एक आकडा दिला तरी चूक काही सेकंदांची राहते. घराचं दार दाखवणारे सहा-सात आकडे सूर्यास्ताला लागतच नाहीत. जिथे हाताने भरता येतं तिथे १८.५ आणि ७३.९ एवढंच भरावं. दिवा तेवढ्यावर सुरळीत लागतो आणि कुणाच्या सर्व्हरवर तुमची गल्ली जात नाही.

सर्वांत भरवशाची मांडणी म्हणजे गणित स्विचमध्येच ठेवणं. इंटरनेट गेलं, कंपनीने सेवा बंद केली, तरी चालतं. टास्मोटा हे स्मार्ट स्विचच्या चिपमध्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी घालायचं सॉफ्टवेअर. ते घातलेल्या स्विचमध्ये त्याच्या कन्सोलवर एवढंच टाकायचं:

```
Latitude 18.52
Longitude 73.86
Timezone +05:30
Timer1 {"Enable":1,"Mode":2,"Time":"00:10","Window":0,"Days":"1111111","Repeat":1,"Output":1,"Action":1}
Timers 1
```

Mode चा 2 म्हणजे सूर्यास्त. त्या अवस्थेत Time ही घड्याळाची वेळ राहत नाही, सूर्यास्तानंतरची मिनिटं होते. आधी हवं असेल तर उणे चिन्ह लावून -00:10. Window मध्ये आकडा दिला तर तेवढ्या मिनिटांच्या आत वेळ इकडे-तिकडे केली जाते. गावाला गेल्यावर घरात माणसं आहेत असं भासवायला ते उपयोगी, एरवी शून्य ठेवावं. शेवटची ओळ विसरली जाते. एकेक टायमर चालू असतो, पण सगळ्या टायमरांचा मुख्य खटका बंद, आणि मग माणूस अक्षांश-रेखांश तपासत बसतो. सगळं भरल्यावर Status 7 दिलं की स्विच आजच्या सूर्यास्ताची वेळ सांगतो. ती वर्तमानपत्रात किंवा कॅलेंडरात तुमच्या शहरासाठी दिलेल्या वेळेच्या दोन-तीन मिनिटांच्या आत आली की निजायला हरकत नाही.

ती तशी आली नाही तर? मला यातला सर्वांत आवडणारा भाग हा आहे, कारण प्रत्येक चूक आपली खूण सोडून जाते. किती चुकलं आणि वर्षाच्या कोणत्या काळात चुकलं, एवढ्यावरून बहुतेक वेळा कारण सांगता येतं.

समजा डिसेंबरात दिवा रात्री साडेनऊच्या सुमारास लागतोय. पुण्यापेक्षा सव्वातीन-साडेतीन तास उशीर. अक्षांश-रेखांश भरलेच नसले तर टास्मोटात मुळातले आकडे राहतात आणि ते पॅरिसच्या आयफेल टॉवरचे आहेत. डिसेंबरात पॅरिसला सूर्य मावळतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साधारण ९:२५ झालेले असतात. जूनमध्ये तोच स्विच मध्यरात्र उलटून गेल्यावर, दीडच्या सुमाराला दिवा लावेल. कुणी म्हणालं की ‘दिवा हिवाळ्यात रात्री उशिरा आणि उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतर लागतो’, तर यंत्र उघडायची गरज नाही, दिवा पॅरिसचा सूर्यास्त पाळतोय.

दिवा पहाटे चार-पाचच्या सुमारास लागत असेल तर रेखांशाचं चिन्ह बघावं. काही ॲप पूर्व आणि पश्चिम वेगळं विचारतात, आणि पूर्वेऐवजी पश्चिम गेलं की घर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, ७३ अंश पश्चिमेला जातं. फरक पावणेदहा तासांच्या वर.

अक्षांशाचं चिन्ह चुकलं तर प्रकरण जास्त कपटी होतं. पुणे दक्षिण गोलार्धात गेलं, पण रेखांश बरोबर आहे, त्यामुळे मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी दिवा अगदी वेळेवर लागतो. त्या दिवसांत तपासणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं. मग डिसेंबर येतो आणि दिवा ६:०३ ऐवजी सातच्या पुढे लागायला लागतो, जूनमध्ये तसाच तासाभराने लवकर. जी चूक वर्षातून दोनदा आपोआप नाहीशी होते आणि परत उलट्या बाजूने येते, ती उत्तर-दक्षिणेची.

आणि अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर? ७३.८६ अक्षांश आणि १८.५२ रेखांश ही जागा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात आहे, बेअर आयलंड नावाच्या बेटापासून फार लांब नाही. तिथे ऐन हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही आणि उन्हाळ्यात मावळत नाही. डिसेंबरात तुमच्या अंगणातला दिवा लागत नाही, कारण त्या समुद्रावर मावळायला सूर्यच नसतो. यंत्र चूक दाखवत नाही. त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही.

या सगळ्यात टाइमझोनची चूक मात्र अनपेक्षित वागते. टाइमझोन चुकला तर सूर्यास्तच चुकेल असं वाटतं, पण बऱ्याच यंत्रांत तसं होत नाही. सूर्यास्त हा एक क्षण आहे. यंत्राचं घड्याळ दोन तास मागे असेल तर त्याने काढलेली सूर्यास्ताची वेळही दोन तास मागे येते, आणि दोन्ही मिळून दिवा बरोबर त्याच क्षणी लागतो. चुकतात ते घड्याळाच्या वेळेवरचे टायमर. तेव्हा ‘संध्याकाळी दिवा बरोबर लागतो, पण रात्री अकराला बंद व्हायचा तो भलत्याच वेळी होतो’ अशी तक्रार आली की टाइमझोन तपासावा, जागा नव्हे.

छोट्या चुकांमध्ये एक उंचीची. होम असिस्टंटमध्ये घराची उंची विचारतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे म्हणून लोक ५६० भरतात. गणित मात्र ती उंची भोवतालच्या जमिनीपासूनची समजतं, जणू तुम्ही तेवढ्या उंच मनोऱ्यावरून खाली झुकलेलं क्षितिज बघताय. त्याने सूर्यास्त तीनेक मिनिटं पुढे जातो. पुण्याच्या पठारावर भोवतालची जमीनही तितकीच उंच असल्यामुळे तिथे शून्य भरणंच खरं. तीन मिनिटांनी दिव्याला काही होत नाही, पण आकडे जुळवणाऱ्याची झोप उडते. डोंगराची गोष्ट याच्या उलट. पश्चिमेला उंच कडा असलेल्या गावात सूर्य गणिताच्या आधी पंधरा-वीस मिनिटं दिसेनासा होतो. तरी आभाळाचा उजेड टिकून असतो आणि दिवेलागण फारशी सरकत नाही. दरी खूप अरुंद असेल तरच मिनिटं कमी करावीत.

सगळे आकडे बरोबर असूनही दिवा लागत नाही, तो वीज गेल्यामुळे. सूर्यास्ताचा ट्रिगर म्हणजे एक क्षण. त्या क्षणी यंत्र जागं नसेल तर तो हुकतो, आणि पुढचा चोवीस तासांनी. संध्याकाळी सहाला वीज गेली, पावणेसातला आली, सूर्यास्त मध्येच होऊन गेला. वीज आल्यावर स्विच आधीची अवस्था आठवतो. आधी तो बंद होता, म्हणून बंदच राहतो, रात्रभर. यावर उपाय म्हणजे जागं झाल्यावर यंत्राने ‘आत्ता रात्र आहे का’ हे स्वतःला विचारणं:

```
Rule1 ON Time#Initialized DO Backlog Event u=%time%; Event m=%time% ENDON ON Event#u<%sunrise% DO Power1 1 ENDON ON Event#m>=%sunset% DO Power1 1 ENDON
Rule1 1
```

इथे घड्याळ जुळल्यावर दोन गोष्टी तपासल्या आहेत, सूर्यास्त होऊन गेलाय का, किंवा सूर्योदय अजून व्हायचाय का. दोन्ही लागतात, कारण यंत्राचा दिवस मध्यरात्री बदलतो. रात्री एक वाजता वीज आली तर त्याच्या लेखी आजचा सूर्यास्त अजून सतरा-अठरा तास लांब आहे, म्हणजे ‘सूर्यास्तानंतर’ ही अट खोटी ठरते. होम असिस्टंटमध्येही अट म्हणून नुसतं after: sunset लिहिणारे इथेच अडकतात. जिन्यात माणूस आल्यावर दिवा लागायचा असतो, बारापर्यंत लागतो आणि बारानंतर लागत नाही. सेन्सर बदलून बघतात, बॅटरी बदलून बघतात. तिथे सूर्य क्षितिजाखाली आहे का एवढीच अट घालावी, तिला तारखेशी देणंघेणं नसतं:

```yaml
conditions:
  - condition: state
    entity_id: sun.sun
    state: below_horizon
```

वरच्या नियमात ‘घड्याळ जुळल्यावर’ म्हटलं तेही महत्त्वाचं. या स्विचमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज गेली की त्याला वेळ माहीत नसते आणि ती तो इंटरनेटवरून मागून घेतो. घरातली वीज आली पण राउटरला किंवा केबलवाल्याच्या पेटीला आली नाही, तर स्विच वेळ कळेपर्यंत गप्प बसतो. राउटर छोट्या यूपीएसवर ठेवला की हा त्रास निम्म्याहून जास्त जातो. जिथे इंटरनेटचा भरवसाच नाही, शेतावरच्या घरात वगैरे, तिथे बटण-सेल असलेलं DS3231 घड्याळ जोडतात. नाहीतर सरळ वायरमनकडून ॲस्ट्रॉनॉमिकल टाइम स्विच बसवून घ्यावा. सोसायट्यांच्या मीटर रूममध्ये बसतो तोच. त्याला एकदा शहर किंवा अक्षांश-रेखांश दिले की वाय-फाय लागत नाही आणि वीज गेल्यावरही आतलं घड्याळ चालू राहतं. जास्त दिवे असतील तर ते त्यावरून थेट न घेता मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त भार पेलणारा विजेचा खटका, घालून घ्यायचे.

उरला पावसाळा, ज्यापुढे गणिताचा इलाज नाही. जुलैत सूर्यास्त ७:१५ ला असतो, पण काळं आभाळ भरून आलं की अर्धा-पाऊण तास आधीच घरात दिवे लावावे लागतात. गणिताला ढग ठाऊक नाहीत. त्यासाठी उजेड मोजणारा सेन्सर लागतो, BH1750 हा स्वस्त आणि पुरेसा. पण सूर्यास्ताच्या जागी सेन्सर बसवू नये, त्याला सूर्यास्ताच्या जोडीला ठेवावं. नुसत्या सेन्सरवर दिवा सोपवला तर दिव्याचाच उजेड सेन्सरवर पडतो, सेन्सरला दिवस झालासा वाटतो, तो दिवा विझवतो, पुन्हा अंधार, पुन्हा दिवा. ते टाळायला सेन्सरला फक्त दिवा लावण्याचा अधिकार द्यायचा, विझवण्याचा नाही, आणि तोही सूर्यास्ताच्या आधीच्या दीड तासातच:

```yaml
triggers:
  - trigger: numeric_state
    entity_id: sensor.angan_lux
    below: 200
    for: "00:10:00"
conditions:
  - condition: sun
    after: sunset
    after_offset: "-01:30:00"
    before: sunset
```

दहा मिनिटांची अट आहे ती एखादा ढग येऊन गेला किंवा कुणी सेन्सरसमोर छत्री वाळत घातली तर दिवा लागू नये म्हणून. सेन्सर पागोळ्यांपासून दूर, वळचणीखाली, शक्यतो उत्तरेकडे तोंड करून लावावा, म्हणजे मावळतीचं ऊन थेट त्यावर पडत नाही. २०० हा आकडा सुरुवातीचा आहे. वळचणीखाली सेन्सरला उघड्या आभाळापेक्षा बराच कमी उजेड मिळतो, म्हणून दोन-तीन संध्याकाळी तुम्हाला दिवा लावावासा वाटतो त्या क्षणीचं वाचन टिपून तोच आकडा घालावा.

एक फट राहते. हा ट्रिगर उजेड २०० च्या खाली उतरल्यावर चालतो, २०० च्या खाली असण्यावर नाही. ५:४५ ला दीड तासाची मुदत सुरू होते, पण आभाळ पाचलाच काळं झालं असेल तर उतरणं आधीच होऊन गेलेलं असतं आणि त्या वेळी अट खोटी होती. मग दिवा थेट सूर्यास्ताच्या ट्रिगरनेच लागतो, म्हणजे ज्या दिवशी सर्वांत जास्त गरज होती त्याच दिवशी उशिरा. म्हणून दुसरं एक ऑटोमेशन लागतं: event: sunset ला offset: "-01:30:00", आणि अट अशी की लक्स २०० च्या खाली असावा.